ओली तूरडाळ आणि नोटिशीचें उत्तर

वकिलाची नोटीस हातीं पडली म्हणजे दुकानदार बहुधा ती गल्ल्याखालीं सारून देतो, नाहींतर रागाच्या भरांत "तुमचें कांहीं देणें लागत नाहीं" असें लिहून मोकळा होतो. हें दुसरें उत्तर पहिल्या मौनाहूनहि घातक ठरूं शकतें.

अमरावतीच्या एका किराणा दुकानदारानें अकोल्याच्या दाल मिलमधून तूरडाळीचे ४० कट्टे मागविले, अशी कल्पना करावी. कट्ट्यास ५,००० प्रमाणें बिल दोन लाखांचें. भर पावसाळ्यांत ट्रक मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून आला, तों १२ कट्टे भिजलेले. दुकानदारानें बिल्टीवर तसा शेरा मारला, त्याच दिवशीं गिरणीला लेखी कळविलें, २८ कट्टे विकले व ६० हजार रुपये रोखून धरले. तीन महिन्यांनीं त्या रकमेची नोटीस आली.

१९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें खरेदीदाराला माल तपासून नाकारतां येतो. नाकारल्याचें कळविलें कीं पुरे, परत पोचवावा लागत नाहीं. परंतु अविभाज्य सौद्यांतील कांहीं माल एकदां स्वीकारला, म्हणजे उरलेला नाकारण्याचा हक्क सामान्यतः उरत नाहीं. नुकसानीइतकी किंमत मात्र कमी करून मागतां येते. येथें २८ कट्टे विकले गेले आहेत. तेव्हां उत्तरांत "बारा कट्टे नाकारले" यापेक्षां "त्यांची किंमत घटली" असें म्हणणें सुरक्षित. भिजलेल्या डाळीला कट्ट्यामागें हजार रुपये येत असतील, तर वजावट ४८ हजारांची होते. उरलेले १२ हजार देणें आहे, आणि तें उत्तराबरोबरच पाठवावें. सगळे ६० हजार नाकारणाराची खरी बाजूहि न्यायालयांत लंगडी पडते.

आतां खरी मेख. डाळ वाटेंत भिजली असेल, तर नुकसान कोणाचें? बिलावर "माल अकोल्यांतून निघतांच जोखीम खरेदीदाराची" असा करार असल्यास गिरणी तिकडे बोट दाखवील. मग दोन गोष्टी पाहाव्या. पावसांत ताडपत्रीविना ट्रक गिरणीनें ठरविला असेल, तर वाहतुकीची वाजवी व्यवस्था न केल्याचा दोष तिच्याकडे येतो. दुसरी गोष्ट नाकाला कळते: हा प्रवास कांहीं तासांचा, तेवढ्यांत बुरशी धरत नाहीं. पोतें उघडतांच कुबट वास आला असेल, तर डाळ आधींच ओली होती, आणि मग जोखमीचें कलम गिरणीच्या उपयोगीं पडत नाहीं. म्हणून वास, डाग, कट्टे वरून भिजले कीं तळाशीं, हें माल उतरला त्या दिवशींच हमालांसमक्ष टिपलेलें असावें व उत्तरांत तसेंच उतरावें.

यांतलें कांहींच जमत नसेल, तर गिरणीचे पैसे देणें भाग आहे आणि वाद ट्रान्सपोर्टवाल्याशीं उरतो. तेथें मात्र २००७ च्या रस्तेवाहतूक कायद्यानें माल बुक झाल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी सूचना द्यावी लागते. गिरणीची नोटीस आली तेव्हां त्यांतले निम्मे दिवस सरलेले होते.