मला वाटलंच होतं!

24 सप्टेंबर 2007, जोहान्सबर्ग. टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या षटकात 13 धावा हव्या होत्या आणि त्यांची एकच जोडी उरली होती. हरभजनचं एक षटक शिल्लक असूनही धोनीने चेंडू जोगिंदर शर्माच्या हाती दिला. पहिला चेंडू वाइड. पुढचा निर्धाव. त्यानंतर मिस्बाहचा षटकार. आता 4 चेंडूंत 6 धावा, म्हणजे पारडं पाकिस्तानकडे झुकलेलं. मिस्बाहने पुढचा चेंडू मागे उचलला, तो श्रीशांतने झेलला आणि भारत 5 धावांनी जिंकला.

तेव्हापासून हा निर्णय धोनीच्या धूर्तपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. उपांत्य सामन्यातलं शेवटचं षटकही जोगिंदरनेच टाकलं होतं आणि मिस्बाहने हरभजनला एकाच षटकात तीन षटकार मारले होते, हे पुरावे लगेच पुढे येतात. दोन्ही खरे आहेत. पण त्यांच्या गर्दीत तो वाइड आणि तो षटकार मागे पडतात. तोच झेल सुटून चेंडू सीमापार गेला असता, तर अनुभवी गोलंदाज सोडून नवख्याला षटक का दिलं, असं म्हणत लोकांनी नेमके हेच दोन चेंडू उगाळले असते.

इथे मनाच्या दोन खोडी एकत्र येतात. निकाल कळला की तो आधीच दिसत होता असं वाटू लागतं. हा पश्चात्‌बुद्धीचा दोष. मग त्या समजुतीला पोषक तेवढंच वेचलं जातं. हा पुष्टीचा पूर्वग्रह.

बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली खोडी पकडली. निक्सन 1972 मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की निक्सन माओंना भेटतील का? अशा घटनांची शक्यता किती टक्के? दौऱ्यांनंतर त्यांना आपलेच जुने आकडे आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण मुळात दिली होती त्याहून जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. यात खोटं कोणीच बोलत नव्हतं. निकालाने आठवणच बदलली होती.

दहावीच्या निकालादिवशी घरोघरी हेच होतं. मार्क कमी पडले की आईला मोबाइल घेऊन बसलेला मुलगा आठवतो. पहाटे उठून सोडवलेल्या प्रश्नपत्रिका आठवत नाहीत. चांगले मिळाले, तर तोच मोबाइल ‘थोडा विरंगुळा’ ठरतो.

या दोषाबद्दल नुसतं सावध केल्याने फारसा फरक पडत नाही, हेही फिशहॉफ यांना आढळलं. उलटा निकाल लागला असता तर त्याची कारणं काय दिली असती, हे मांडायला लावल्यावर मात्र त्याची धार कमी होते. घरात याहून सोपी सोय आहे. परीक्षा संपल्या दिवशी प्रत्येकाने अपेक्षित टक्के आणि त्यामागचं कारण चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवायचं आणि निकालादिवशी, मुलाला काही बोलण्याआधी, डबा उघडायचा.