चौकातला पिंपळ आणि तीन एक्स्पोजर

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास समुद्र आणि आकाश यांच्या स्वतंत्र काचा क्षितिजरेषेवर जुळवून एकच चित्र छापले, तेव्हा लाटा हलत्या असूनही त्यात दुहेरी आकृती उमटली नाही. कारण चित्राच्या प्रत्येक भागावर एकाच काचेचा अंमल होता. १९९७ साली डेबेव्हेक आणि मलिक यांनी मांडलेल्या पद्धतीत मात्र निरनिराळ्या एक्स्पोजरांतून प्रत्येक बिंदूच्या प्रकाशाचे मान काढून त्यांची भारित सरासरी घेतली जाते. तिला दृश्य स्थिर असल्याचे गृहीत धरावे लागते, आणि जिथे ते गृहीत ढळते तिथे माणसाचे पारदर्शक भूत शिल्लक राहते.

गेल्या वैशाखात एका जुन्या वाड्याच्या ओसरीतून मी चौकाची तीन चित्रे तिवईवरून घेतली: १/२५०, १/६० आणि १/१५ सेकंद, म्हणजे दर वेळी सुमारे चौपट प्रकाश. तिसऱ्या चित्राच्या वेळी एक बाई कळशी घेऊन भिंतीपुढून गेल्या. रॉ फाइलीतील मूल्ये प्रकाशाच्या प्रमाणात असल्यामुळे तपासणी सोपी होती: मधल्या चित्रात भिंतीचा जो बिंदू ८०० होता, तो तिसऱ्यात ३२०० च्या आसपास यावयास हवा होता, आला ११००. एवढी तफावत नॉइजची असू शकत नाही. म्हणून मधले चित्र प्रमाण मानून तेवढ्या जागेपुरती तिसऱ्याची साक्ष रद्द केली. किती तफावत हालचाल मानायची ही मर्यादा फार कडक ठेवली तर अंधाऱ्या कोपऱ्यातील नॉइजही हालचाल ठरून तिथे दाणेदार ठिगळे पडतात. फार सैल ठेवली तर साडीची फिकट छाया राहते.

पिंपळाचे प्रकरण याहून अवघड, कारण त्याच्या पानांना वारा जाणवत नसतानाही स्वस्थता नसते. पानांमागचे आकाश मधल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही चित्रांत पूर्ण पांढरे झाले होते, आणि जिथे सेन्सर भरून गेला तिथे चौपटीचा हिशेबच लागू पडत नाही. शिवाय त्या पांढरेपणाने पानांच्या कडा खाल्ल्या होत्या. अशा जागी मधल्या चित्राचे प्रामाण्य सोडून संपूर्ण शेंडा १/२५० च्या चित्रातून उचलणे एवढाच मार्ग उरतो, आणि मास्कची सीमा पानांतून न नेता स्थिर असलेल्या फांदीच्या व भिंतीच्या कडेने न्यावी लागते. माझ्या मते हा निर्णय सॉफ्टवेअरच्या ‘डीघोस्ट’च्या खुणेवर सोपवू नये, कोणत्या भागावर कोणत्या चित्राचा अधिकार, हे छायाचित्रकारानेच ठरवावे. त्याची किंमतही आहे: पानांची सावलीतील बाजू दाणेदार येते, म्हणून तेवढ्याच भागाचा नॉइज वेगळा कमी करावा लागतो.

वाचकांनी आपले जोडलेले चित्र शंभर टक्के आकारात उघडावे आणि प्रथम आकाशापुढील पानांच्या कडा पाहाव्यात. तिथे कड दुहेरी किंवा करडी दिसली, तर जोडणी पुन्हा करावी.