डिस्चार्ज लांबतो कुठे? टीमचा पहिला ईमेल

सकाळच्या राउंडला डॉक्टर सांगतात, "आज घरी जाऊ शकता." नातेवाईक बॅग भरतात आणि दिवस कलेपर्यंत कॉटशेजारी बसून राहतात. मेडिक्लेम असलेल्या अनेक घरांनी हे अनुभवले आहे. मधल्या वेळात निवासी डॉक्टरांनी डिस्चार्ज समरी लिहायची असते. नर्सला उरलेली औषधे फार्मसीत परत करायची असतात, मग बिलिंग अंतिम बिल काढते आणि इन्शुरन्स डेस्क सगळी कागदपत्रे विमा कंपनीला पाठवते. प्रत्येक विभाग आपापले काम करतो, पण एकूण किती वेळ गेला याचा जाब कोणालाच विचारला जात नाही.

हे सुधारायचे म्हणून एखादे मध्यम आकाराचे रुग्णालय या सगळ्या विभागांतली माणसे घेऊन एक टीम उभी करते असे समजू. या टीमला जाणारा पहिला ईमेल, म्हणजे किकऑफ मेल, कसा असावा?

बहुतेक मेल उद्दिष्टापाशीच फसतात. "डिस्चार्जला लागणारा वेळ कमी करणे" असे लिहिले की वाचणारा प्रत्येक जण वेगळे घड्याळ लावतो. डॉक्टरांचा वेळ समरीवर सही झाली की संपतो, नातेवाइकांचा मात्र गेटपास हातात आल्यावर. शिवाय यातला एक तुकडा रुग्णालयाच्या हातातच नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ साली घालून दिलेल्या नियमानुसार, रुग्णालयाकडून विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. ते तीन तास टीमच्या उद्दिष्टात धरले, तर दर बैठकीत विमा कंपनीवर बोट दाखवले जाईल आणि आपल्या वॉर्डात काय अडले ते बाजूलाच राहील. म्हणून उद्दिष्ट असे लिहावे:

"डॉक्टरांनी फाइलवर डिस्चार्ज लिहिल्यापासून सगळी कागदपत्रे विमा कंपनीकडे अपलोड होईपर्यंतचा वेळ आपण कमी करणार आहोत. फक्त कॅशलेस रुग्ण, फक्त दुसऱ्या मजल्यावरचे दोन वॉर्ड. आयसीयू आणि रोख बिले सध्या यात नाहीत."

शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. काय करायचे नाही हे पहिल्याच दिवशी लिहिले नाही, तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी लॅबच्या रिपोर्टचा विषय काढतो आणि टीम तिकडे वळते.

भूमिकांच्या बाबतीत "नर्सिंग आणि बिलिंग यांनी समन्वय साधावा" हे वाक्य फार महागात पडते. एका कामापुढे एकच नाव हवे. औषधे परत गेल्याची नोंद वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर करतील. समरीचा मसुदा आदल्या संध्याकाळी तयार ठेवण्याची जबाबदारी निवासी डॉक्टरांची. मतभेद झाला तर निर्णय वैद्यकीय अधीक्षकांचा, आणि मेलही त्यांच्याच नावाने जावा. इन्चार्ज सिस्टर बिलिंगच्या प्रमुखाला काम सांगू शकत नाहीत, तो अधिकार मेलमधून निर्माण होत नाही. त्यामुळे प्रत्येक विभागप्रमुखाशी आधी समोरासमोर बोलणे झालेले असले पाहिजे. आपल्या माणसाचे नाव त्याला पहिल्यांदा मेलमध्येच दिसले, तर तो उघड विरोध करणार नाही, पण माणूसही सोडणार नाही.

बैठकीची वेळ ठरवताना ड्यूटीचा तक्ता समोर ठेवावा. सकाळची पाळी दोनला सुटत असेल, तर दुपारी तीनच्या बैठकीला सकाळच्या सिस्टर येणार नाहीत, आणि डिस्चार्जचे सगळे काम तर त्यांच्याच पाळीत झालेले असते. मंगळवारी आणि शुक्रवारी दीड वाजता, पंधरा मिनिटे, नर्सिंग स्टेशनजवळच, हे जमण्यासारखे आहे. व्हॉट्सॲप ग्रुप आपोआप तयार होतोच. त्यावर निर्णय घ्यायचे नाहीत आणि रुग्णाचे नाव किंवा कागदाचा फोटो टाकायचा नाही, हे मेलमध्ये स्पष्ट लिहावे. ज्यांना ईमेल उघडायला सवड नसते त्यांच्यासाठी त्याच मजकुराची प्रिंट वॉर्डात लावावी.

आता पहिला टप्पा. "तीन महिन्यांत वेळ निम्मा" असे जाहीर करण्याचा मोह होतो, पण आज किती वेळ लागतो हेच नोंदलेले नसते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत काहीही बदलायचे नाही. तीस डिस्चार्जच्या फाइलवर एक कागद लावायचा आणि पाच वेळा लिहायच्या: डॉक्टरांचा आदेश, समरी पूर्ण, औषधे परत, बिल तयार, कागदपत्रे अपलोड. समजा एका फाइलवर आदेश साडेनऊचा, समरी साडेबाराची आणि बिल एकचे असेल, तर बिलिंगमध्ये नवा संगणक आणून फरक पडणार नाही. तीन तास समरीसाठी गेले आहेत. तिसऱ्या आठवड्यात हे कागद मांडून उद्दिष्टाचा आकडा ठरवायचा, आणि तो ठरवण्याची तारीख मात्र पहिल्याच मेलमध्ये द्यायची.

मेलच्या शेवटी "काही शंका असल्यास कळवावे" असे लिहिले की उत्तरादाखल "नोटेड" येते, आणि त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने बुधवारपर्यंत आपल्या वाट्याचे काम स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहून पाठवावे असे सांगावे. दोघांनी एकच काम लिहिले किंवा एखादे काम कोणीच लिहिले नाही, तर दुरुस्त केलेला मेल शुक्रवारच्या बैठकीआधी पुन्हा पाठवावा.