पैसे गेले, की नाही गेले?

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध लादले आणि बघता बघता फोनपे बंद पडलं. फोनपेचे यूपीआय व्यवहार तेव्हा त्या एकाच बँकेतून जात होते. आयसीआयसीआय बँकेचा हात धरून सेवा पुन्हा सुरू करायला जवळपास एक दिवस गेला. एकाच वाटेवर विसंबून राहण्याचं काय होतं, हे त्या दिवशी अनेक दुकानदारांनी गल्ल्यावर बसून पाहिलं.

ऑनलाइन विक्री करणारे म्हणूनच हल्ली दोन पेमेंट गेटवे ठेवतात. पहिला बंद पडला तर गिऱ्हाईक आपोआप दुसऱ्याकडे वळतं. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘बंद पडला’ हे ठरवायचं कसं, इथेच खरी मेख आहे.

समजा, देवगडचा एक बागायतदार आपल्या संकेतस्थळावरून हापूस विकतो. ऑर्डर क्रमांक १०४२, आंब्याची पेटी, किंमत २,४०० रुपये. गिऱ्हाइकाने ‘पैसे भरा’ दाबलं, पण पहिल्या गेटवेने व्यवहार उघडायलाच नकार दिला. पैसे भरण्याचं पानच आलं नाही. इथे काहीच धोका नाही. गिऱ्हाइकाच्या खात्याला हात लागलेला नाही, तेव्हा दुसरा गेटवे बिनदिक्कत वापरावा. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

आता दुसरा प्रसंग. गिऱ्हाइकाने यूपीआयचा पिन टाकला, बँकेने २,४०० रुपये कापले आणि ‘पैसे मिळाले’ हा निरोप वाटेत कुठेतरी अडकला. पडद्यावर चक्र नुसतं फिरतंय. या क्षणी उतावळ्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या गेटवेचं पान पुढे केलं, तर एका पेटीचे ४,८०० रुपये वसूल होतात आणि मग फोनवर जे ऐकावं लागतं ते वेगळंच.

उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. म्हणून यशस्वी आणि अयशस्वी यांच्या जोडीला ‘प्रलंबित’ अशी तिसरी अवस्था ठेवावी लागते. पिन टाकण्याची वेळ आली की गेटवे आपोआप बदलायचा नाही. काही सेकंदांच्या अंतराने पहिल्यालाच ‘या व्यवहाराचं काय झालं?’ असं विचारत राहायचं. गिऱ्हाइकाला थांबायचंच नसेल, तर त्याला पुन्हा भरू द्यावं, पण पहिला प्रयत्न उघडा ठेवावा. त्याचे पैसे उशिराने आले, तर लगेच परत करायचे. दुकानदारापर्यंत खात्री पोहोचलीच नाही, तर काय? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, यूपीआयने कापलेली अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई.

हे सगळं निभावतं ते नोंदींच्या जोरावर. ऑर्डर १०४२ ची नोंद एकच, पण तिच्याखाली प्रत्येक प्रयत्नाची ओळ वेगळी: १०४२-१ पहिल्या गेटवेकडे, १०४२-२ दुसऱ्याकडे. फसलेली ओळ खोडायची नाही. हे क्रमांक दुकानदाराचे स्वतःचे असतात आणि गेटवेचा क्रमांक त्यांच्या शेजारी लिहिला जातो. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांकही तिथेच हवा, कारण तक्रार करणारं गिऱ्हाईक तोच वाचून दाखवतं.

दोन गेटवेंची भाषाही एक नसते. रेझरपेला रक्कम पैशांत सांगावी लागते, म्हणजे २,४०० रुपयांसाठी २४०००० असा आकडा, कॅशफ्रीला रुपयांत. एकाच्या लेखी जमा झालेला व्यवहार `captured` असतो, तर दुसऱ्याच्या लेखी तशीच ऑर्डर `PAID`. हे सगळं वहीच्या दारातच एका साच्यात ओतलं नाही, तर कधीतरी कुणाकडून शंभरपट रक्कम मागितली जाते. शिवाय गेटवेकडून येणारे निरोप कधी दोनदा येतात, कधी उलट्या क्रमाने. तोच निरोप पुन्हा आला म्हणून दुसरी पेटी रवाना होता कामा नये.

शेवटचा ताळा बँकेच्या खात्याशी. गेटवे आपली कपात करून पैसे जमा करतात. शुल्क २ टक्के धरलं, तर ४८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८ रुपये ६४ पैसे. हातात येतात २,३४३ रुपये ३६ पैसे. दुसऱ्याचा दर आणि जमा करण्याचा दिवस निराळा असू शकतो. म्हणून वहीत मूळ रक्कम, कपात आणि जमा असे तीन रकाने हवेत. एकाच ऑर्डरखाली दोन यशस्वी ओळी सापडल्या, की दुहेरी वसुली गिऱ्हाइकाच्या आधी दुकानदाराला कळते.

दोन गेटवे असूनही काही वेळा इलाज चालत नाही. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयची देशभरची यंत्रणाच अडखळली. तिथे दोन्ही गेटवे एकाच बंद दाराशी पोहोचत होते. अशा वेळी कार्ड किंवा नेटबँकिंगचा पर्याय पुढे करावा लागतो. कार्डाचीही एक अडचण आहे. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन असतं. एका गेटवेमार्फत घेतलेलं टोकन दुसऱ्याकडे चालेलच असं नाही. मग नेहमीच्या गिऱ्हाइकालाही कार्डावरचा क्रमांक नव्याने टाकावा लागतो.