वकिलाचा शेरा आणि निवेदकाची जीभ

रखडलेल्या गृहप्रकल्पावरचा माहितीपट घ्या. संहितेत वाक्य आहे: ‘बिल्डरने लोकांचे पैसे गिळले.’ वकिलाचा लेखी शेरा येतो: ‘गुन्हा सिद्ध नाही. बदनामीचा धोका.’ घाबरलेला लेखक लिहितो: ‘बिल्डरने कथितरीत्या अपहार केल्याचा आरोप असल्याचे समजते.’ हे वाचताना निवेदकाला धाप लागते. शिवाय आरोप कोणाचा, हे कळतच नाही, म्हणजे वकिलाची हरकतही पुरती मिटत नाही.

शेऱ्यातली भाषा उचलायची नसते, हरकत समजून घ्यायची असते. इथे हरकत एवढीच, की आरोप आपण आपल्या तोंडाने करतोय. मग बोलणाऱ्यालाच कर्ता करा: ‘पोलिसांचं आरोपपत्र म्हणतं, घरांसाठी घेतलेले पैसे बिल्डरने दुसरीकडे वळवले. बिल्डर म्हणतो, परवानग्या अडल्या. खटला सुरू आहे.’ तीन छोटी वाक्यं, ‘कथित’ एकदाही नाही. अर्थात आरोपपत्र हाताशी हवं आणि त्यात तसं लिहिलेलंही हवं.

दुरुस्त मजकूर मोठ्याने वाचा, आणि दृश्यासह वकिलाला परत दाखवा. जपून लिहिलेल्या वाक्यावर बेड्यांचं चित्र चालत असेल, तर आरोप चित्रच करून टाकतं.