पोर्टफोलिओ नसलेल्या डिझायनरचा रेझ्युमे

पॅकेजिंग डिझायनरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या अनेकांकडे दाखवायला कामं नसतात. आधीच्या कंपनीने गुप्ततेच्या करारावर सही घेतलेली असते, नाहीतर फाइल्स तिथल्याच संगणकात राहिलेल्या असतात. असे अर्ज न वाचताच बाजूला टाकणं मला अन्यायाचं वाटतं. रेझ्युमे नीट वाचला तर बरंच बोलतो.

मसाल्याच्या पाकिटाचंच काम घ्या. एका अर्जात असतं, ‘नामांकित ब्रँडसाठी आकर्षक पॅकेजिंग केलं.’ यातून हाती काहीच लागत नाही. दुसऱ्यात असतं, ‘मिरची पावडरचं पाकीट ५०, १०० आणि २०० ग्रॅममध्ये बसवलं, ग्रॅव्ह्युअर छपाईसाठी रंग सातावरून पाचावर आणले.’ ग्रॅव्ह्युअरमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्यामुळे रंग घटले की खर्च घटतो, हे या माणसाला ठाऊक आहे. घटकपदार्थ, पोषणमूल्यं, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक हे सगळं छोट्या पाकिटाच्या मागे बसवताना किती ओढाताण होते, तेही त्याने अनुभवलेलं असावं.

ओळ उसनीही असू शकते. म्हणून मी फोनवर एक प्रश्न विचारते: लाल पाकिटावर बारकोड कसा घेतला होता? साध्या स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो. त्याला लाल रंग पांढऱ्यासारखाच उजळ दिसतो. म्हणून पांढऱ्या पट्टीवर ब्रँडच्या लाल रंगातल्या रेघा डोळ्यांना छान दिसल्या, तरी दुकानातल्या काउंटरवर तो बारकोड वाचलाच जात नाही. गडद काळ्या रेघा घ्याव्या लागतात. ज्याने हे काम केलंय तो लगेच सांगतो, आणि बहुतेकदा त्यापायी कोणाशी वाद झाला तेही सांगतो.

रेझ्युमेच्या मांडणीवरून मात्र मी फारसं ठरवत नाही. तो तयार टेम्पलेटवरचा असू शकतो, किंवा अर्ज छाननीच्या सॉफ्टवेअरला वाचता यावा म्हणून मुद्दाम साधा ठेवलेला असतो.

नजर मात्र कागदावर उतरत नाही. ब्रँडच्या नावासाठी देवनागरीचं कोणतं वळण निवडलं, दहा पाकिटांच्या रांगेत आपलं पाकीट उठून दिसतं का, हे कितीही तपशिलाने लिहिलं तरी वाचून कळत नाही. रेझ्युमेवरून मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरतं, नेमायचं कोणाला ते नाही.

सुदैवाने पाकिटाचं काम लपून राहत नाही. बाजारात आलेला माल किराणा दुकानात मिळतो. त्यातलं एक पाकीट मुलाखतीला आणायला सांगायचं, टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं: दर्शनी बाजू तुमची, की ठरलेलं डिझाइन तुम्ही फक्त वेगवेगळ्या मापांत बसवलंत?