दोन आलेख, एकच रेघ

गव्हाचा भाव शोधायचा आहे. हातात एकच पावती आहे: १ किलो गहू, ४० रुपये. उत्तर कुणीही सांगेल. पण यंत्राला उत्तर ठाऊक नाही. त्याला फक्त अंदाज बांधता येतो आणि तो किती चुकला हे मोजता येते. ग्रेडियंट डिसेंट ही पद्धत समजून घ्यायला एवढे उदाहरण पुरते.

अंदाजाला w म्हणू. चूक म्हणजे w - 40. तिचा वर्ग केला की लॉस मिळतो. आलेख काढला तर वाटीसारखा आकार येतो, शाळेतला अन्वस्त, आणि तळ बरोबर ४० वर. यंत्र वाटीच्या भिंतीवर कुठेतरी उभे असते. जिथे उभे आहे तिथला चढ ते काढते, 2(w - 40), आणि चढाच्या उलट दिशेने सरकते. किती सरकायचे हे ठरवणारा आकडा म्हणजे लर्निंग रेट. सगळी पद्धत एका ओळीत मावते:

```python
w = w - eta * 2 * (w - 40)
```

पॅरिसमध्ये कोशी या गणितज्ञाने १८४७ साली ही कल्पना मांडली, ती आकाशातल्या ज्योतींच्या कक्षा काढताना सोडवाव्या लागणाऱ्या समीकरणांसाठी. पावलाची लांबी कशी ठरवायची, हा प्रश्न तेव्हाही होताच.

w शून्यापासून सुरू करू आणि लर्निंग रेट ०.१ ठेवू. पहिल्या पावलाला w होतो ८, मग १४.४, मग १९.५२. लॉस १६०० वरून १०२४, मग ६५५.३६, मग सुमारे ४१९. पावले आपोआप लहान होत जातात, कारण तळाजवळ चढच कमी होतो. वीस पावलांनंतर अंदाज ४० पासून अर्ध्या रुपयाच्या आत येतो.

आता लर्निंग रेट ०.९ करू. पहिल्याच पावलाला w थेट ७२ वर जातो, तळ ओलांडून पलीकडच्या भिंतीवर. तिथून १४.४ वर परत, मग ६०.४८. यंत्र या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत आहे. पण लॉस पाहा: १६००, १०२४, ६५५.३६, ४१९. आकडा न् आकडा तोच! लॉसचे दोन आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ दिसेल. एक यंत्र भीत भीत उतरते आहे, दुसरे दरीवरून उड्या घेत आहे, आणि मॉडेलला शिकवताना आपण ज्या रेघेकडे डोळे लावून बसतो ती रेघ या दोघांतला फरक सांगतच नाही.

कारण साधे आहे. वरच्या ओळीत w च्या जागी चूक लिहून पाहिली, तर प्रत्येक पावलाला चूक एका ठराविक आकड्याने गुणली जाते: 1 - 2η. इथे η म्हणजे लर्निंग रेट. रेट ०.१ असताना हा गुणक ०.८ येतो, ०.९ असताना उणे ०.८. लॉस वर्गाचा असल्यामुळे उणे चिन्ह त्यात विरून जाते. रेट ०.५ असेल तर गुणक शून्य, म्हणजे एका पावलात ४०. रेट १ असेल तर गुणक उणे एक, मग अंदाज ०, ८०, ०, ८० असा कायम झुलत राहतो आणि लॉस १६०० वर गोठून बसतो. रेट १.१ केला की गुणक उणे १.२. प्रत्येक उडीत चूक वाढते, आणि विसाव्या पावलाला यंत्र सांगते की गव्हाचा भाव उणे १४९३ रुपये आहे.

मग रेघ खाली येते आहे पण हळू, तर रेट वाढवायचा की कमी करायचा? एकतर चढाचे चिन्ह पाहावे. दर पावलाला अधिक-उणे बदलत असेल, तर उड्या चालल्या आहेत. नाहीतर रेट निम्मा करून पाहावा. ०.९ चा ०.४५ केला तर गुणक ०.१ होतो आणि उतरण झपाट्याने होते. ०.१ चा ०.०५ केला तर गुणक ०.९, म्हणजे आणखी रेंगाळणे. रेट कमी केल्यावर वेग वाढला, तर तो आधी जास्त होता. हे पहिल्यांदा वाचताना उलटे वाटते, पण ध्यानात ठेवावे असे आहे.

०.५ चांगला आणि १ ही हद्द, हे आकडे मात्र कुठल्याही पोथीत कायमचे लिहून ठेवता येत नाहीत. तीच पावती ग्रॅममध्ये लिहा: १००० ग्रॅम, ४० रुपये. आता w म्हणजे एका ग्रॅमचा भाव, आणि लॉस होतो (1000w - 40) चा वर्ग. गहू तोच, पैसे तेच. पण वाटी आता दहा लाख पट उभट झाली, कारण वजन हजारपट झाले आणि त्याचाही वर्ग झाला. हद्द १ वरून दहा लाखांश इतकी खाली आली. मघाचा गुणी, सावध ०.१ इथे वापरला तर पहिल्याच पावलाला अंदाज येतो ग्रॅमला ८००० रुपये, म्हणजे किलोला ८० लाख. पुढे दर पावलाला लॉस सुमारे चार हजार कोटी पट वाढतो आणि तीस पावलांच्या आतच त्याच्या जागी पडद्यावर `inf` उमटते. असे झाले की अनेक जण प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. चूक बहुतेक वेळा एककात असते.

खरा पेच दोन अज्ञात आले की सुरू होतो. भाव आणि हमाली, दोन्ही शोधायचे आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून असे धरू की किलोच्या भावातली चूक p, हमालीतली चूक q आणि लॉस 100p² + q². ही वाटी गोल नाही. एका अंगाने उभा कडा आहे, दुसऱ्या अंगाने जवळजवळ सपाट पठार. कड्याच्या बाजूने हद्द ०.०१. त्यापलीकडे गेलात की भाव उधळला. पण रेट ०.०१ च्या आत ठेवला, की हमालीची चूक दर पावलाला जेमतेम दोन टक्के घटते. जास्तीत जास्त चांगला रेट येतो ०.००९९ च्या आसपास. त्यावर p कड्यावरून इकडून तिकडे उड्या मारतो, q पठारावर रांगतो, आणि चूक दहावा हिस्सा व्हायलाच सुमारे ११५ पावले लागतात. एकच रेट दोघांना खूश करू शकत नाही.

मोठ्या मॉडेलमध्ये अज्ञात दोन नसतात आणि लॉसही स्वच्छ वर्गाचा नसतो. तरी गुळगुळीत दरीच्या तळाशी जवळून पाहिले तर ती बहुधा अशीच लांबट वाटी दिसते, आणि तिथे सगळ्यात उभा कडा रेटची हद्द ठरवतो, तर सगळ्यात सपाट दिशा वेळ खाते.

आपल्या गव्हाच्या बाबतीत मात्र वाटी गोल करणे हातात आहे. भाव किलोमागे न मोजता दहा किलोमागे मोजा. मग भावातली चूक दहापट मोठ्या आकड्यात लिहिली जाते, 100p² ची जागा नव्या चुकीचा साधा वर्ग घेतो, आणि दोन्ही अंगांचा उतार सारखा होतो. आता रेट ०.५ ठेवला, की भाव आणि हमाली दोन्ही एकाच पावलात तळाला पोचतात.